मेमोवरचं एक वाक्य आणि तीस दिवस

भिलाईत लोखंड वितळवायला मोठी भट्टी लागते. माणूस वितळवायला एक वाक्य पुरतं: "भैया, परसों फिर लगा देना, इस बार पक्का."

हे वाक्य कानावर पडलं की चेक परत आलेला माणूस विरघळतो. बँकेनं दिलेला रिटर्न मेमो घडी घालून खिशात, तिथून टेबलाच्या खणात, आणि खणातून विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात जातो. मग परवा येतो, तेरवा येतो, होळी येते. दोन महिन्यांनी तो मेमो घेऊन माणूस वकिलाकडे जातो. वकील तारीख बघतो, चष्मा काढतो आणि म्हणतो, "काका, हे तुम्ही महिनाभर आधी आणायला हवं होतं." वकिलाच्या व्यवसायात हे वाक्य इतकं लागतं की त्याचा रबरी शिक्का करून घेतला तर बरं.

वाईट याचं वाटतं की मेमो कुणी वाचतच नाही. चेक परत आला एवढं कळलं की बस. का परत आला, ते एका ओळीत छापलेलं असतं, शेजारी दोन आकडी कोड असतो, आणि पुढे काय करायचं याचं अर्धं उत्तर त्याच ओळीत असतं. पण आपण मेमो बघतो तो शाळेतल्या लाल शेऱ्यासारखा: लाज वाटून, घाईघाईनं, उलटा करून.

तर एक उदाहरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण हथखोजच्या औद्योगिक पट्ट्यात तो दर तिसऱ्या शेडमध्ये भेटेल. फॅब्रिकेशनचं छोटं काम करणारा, त्याला आपण भाऊ म्हणू. नागपूरच्या एका ठेकेदाराला त्यानं जिने आणि रेलिंग करून दिलं. बदल्यात 5 जानेवारी 2026 तारखेचा, 1,80,000 रुपयांचा, नागपूरच्या शाखेवरचा चेक मिळाला. "थोडा रुकके लगाना" या विनंतीला मान देऊन भाऊंनी तो 2 फेब्रुवारीला सुपेल्यातल्या आपल्या खात्यात भरला. पूर्वी चेक दोन-दोन दिवस हवेत राहायचा. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेकचं क्लिअरिंग दिवसभर सुरू असतं, त्यामुळे त्याच संध्याकाळी एसएमएस आला: चेक परत. बातमी वेगानं यायला लागली, एवढी प्रगती नक्की झाली.

आता मेमोवर काय लिहिलंय त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

समजा लिहिलंय "फंड्स इन्सफिशियंट", कोड 01. खात्यात पैसे नाहीत. किंवा "एक्सीड्स अरेंजमेंट", कोड 02. म्हणजे ठेकेदाराचं कॅश क्रेडिट खातं आहे आणि बँकेनं ठरवून दिलेली मर्यादा संपली आहे. ही दोन कारणं 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 मध्ये थेट लिहिलेली आहेत. ते कलम आलं 1988 च्या दुरुस्तीनं आणि लागू झालं 1 एप्रिल 1989 पासून. एप्रिल फूलच्या मुहूर्तावर चेक देणाऱ्यांनी फसवू नये असा कायदा आणणं, हा सरकारचा एक विनोद दाद देण्यासारखा आहे. "अकाउंट क्लोज्ड" हे कारण कलमात नाही. पण खातंच बंद करून चेक फाडणाऱ्यानं सुटावं हे सर्वोच्च न्यायालयाला 1999 मध्ये पटलं नाही. बंद खात्यात शिल्लक शून्य, म्हणजे पैसे अपुरेच, असा सरळ हिशेब न्यायालयानं मांडला. खातं बंद असेल तर चेक पुन्हा भरण्यात अर्थ नाही, थेट नोटिशीकडे वळायचं.

"रेफर टू ड्रॉवर", कोड 04, हा बँकांचा सभ्यपणा. पैसे नाहीत असं तोंडावर म्हणायचं नसलं की "ज्यानं दिला त्यालाच विचारा" म्हणायचं. या शिष्टाचाराला भुलून "मग काहीतरी तांत्रिक असेल" असं समजू नये.

खरी गंमत सहीत आहे. "ड्रॉवर्स सिग्नेचर डिफर्स", कोड 12. सही जुळत नाही. हा मेमो हातात आला की आपल्या मनात देणाऱ्याविषयी करुणा दाटून येते. बिचारा, घाईत सही केली असेल. त्यानंही तेच सांगितलं: "अरे, हाथ हिल गया था." हात हलला खरा, पण कुठल्या दिशेनं, हा प्रश्न आहे. गुजरातच्या लक्ष्मी डायकेम प्रकरणात एकाच कंपनीनं दिलेले 117 चेक परत आले. कारणं सह्यांचीच: सही अपुरी, सही जुळत नाही, बँकेकडे नमुनाच नाही. 117 वेळा हात हलणं हे वैद्यकीय शास्त्राच्याही पलीकडचं आहे. कंपनीचं म्हणणं, आम्ही सही करणारे अधिकारी बदलले. उच्च न्यायालयानं तक्रारी रद्द केल्या. कलमात सहीचा उल्लेख कुठे आहे, हा त्यामागचा विचार. सर्वोच्च न्यायालयानं 27 नोव्हेंबर 2012 ला तो निकाल फिरवला. चेक वटू नये म्हणून सही बदलली, नमुना बदलला, अधिकार काढून घेतले, तर तेही 138 मध्येच येतं. बदल खरोखर प्रामाणिक होता हे देणाऱ्यानं खटल्यात सिद्ध करावं.

"पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉवर", कोड 20, त्याच घराण्यातलं. माल खराब होता म्हणून थांबवलं, असं सांगितलं जाईल. असेलही. पण 1998 च्या मोदी सीमेंट्स प्रकरणापासून नियम ठरलेला आहे: पेमेंट थांबवल्यानं माणूस आपोआप सुटत नाही. कलम 139 नुसार चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं न्यायालय आधी धरून चालतं. थांबवण्याला चांगलं कारण होतं आणि त्या दिवशी खात्यात पुरेसे पैसेही होते, हे दाखवायची जबाबदारी थांबवणाऱ्याची. अनुभवी लोक सांगतात, दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकांचा घसा बसतो.

म्हणून मेमोवरचं कारण म्हणजे देणाऱ्याच्या बाजूनं बँकेनं सांगितलेली गोष्ट. निकाल तो नव्हे. मेमो वाचायचा कशासाठी, तर पुढचं पाऊल कुठलं टाकायचं ते ठरवायला.

काही मेमोंमध्ये मात्र खरंच कुणाचा गुन्हा नसतो, आणि तिथं 138 च्या नावानं ओरडणं म्हणजे उगीच वकिलाची फी. शब्दांत एक रक्कम आणि आकड्यांत दुसरी, म्हणून चेक परत. याच कायद्याचं कलम 18 म्हणतं, फरक असेल तर शब्दांतली रक्कम खरी. कायदा 145 वर्षांपूर्वीचा, उत्तर तयार, तरी चेक परत! पण क्लिअरिंगमध्ये बँक फक्त चेकचा फोटो बघते, अर्थ लावायच्या भानगडीत पडत नाही. तारीख नाही, खाडाखोड आहे, चेक तीन महिने उलटून शिळा झालाय, अशा वेळी शांतपणे नवा चेक मागावा. तो मागितल्यावर जर "देखते हैं" ऐकू आलं, तर दुखणं तांत्रिक नव्हतं हे आपसूक कळतं. आणि "इमेज नॉट क्लिअर, प्रेझेंट अगेन विथ पेपर" असा मेमो आला तर त्यात तुमचा काहीच दोष नाही. असे चेक तुम्हाला हेलपाटा न घालता, पुढच्याच क्लिअरिंगमध्ये, चोवीस तासांच्या आत, बँकेनं स्वतः पुन्हा पाठवायचे, आणि ज्यात ग्राहकाची चूक नाही त्याचा दंड त्याच्याकडून घ्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच सांगून ठेवलंय. पासबुकात तरी "रिटर्न चार्जेस" दिसले तर काउंटरवर जाऊन परत मागा. काउंटरवरच्या मुलीला हे माहीत नसेल, तुम्हाला असावं.

खातेदार वारला असेल तर फौजदारी विसरा, त्याच्या मालमत्तेवर दिवाणी दावा हाच रस्ता. न्यायालयाच्या किंवा जप्तीच्या आदेशानं खातं अडलं असेल तरी 138 टिकेलच असं नाही, तिथं वकिलाला आधी विचारा.

आता घड्याळ. कारण भाऊंच्या मेमोवर "फंड्स इन्सफिशियंट" आहे आणि ठेकेदाराचं "परसों" सुरू झालंय.

कायदा म्हणतो, चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची. शिक्का-सहीचा कागदी मेमो 4 फेब्रुवारीला मिळाला असला, तरी एसएमएस 2 तारखेचा आहे. शहाण्यानं 2 पासूनच मोजावं. पहिला दिवस सोडायचा असतो, म्हणजे तिसावा दिवस येतो 4 मार्चला. त्या दिवशी धुळवड. पोस्टाला टाळं, वकिलाच्या तोंडाला रंग आणि भाऊंचा हक्क गुलालात. कागदी मेमो मात्र आणायलाच हवा, कारण कलम 146 नुसार बँकेच्या अधिकृत शिक्क्याचा मेमो हाच चेक न वटल्याचा पहिला पुरावा धरला जातो. मोबाइलचा स्क्रीनशॉट त्याची जागा घेत नाही. चेक नंबर आणि रक्कम मेमोवर बरोबर आहे का, ते काउंटर सोडण्याआधी बघावं.

भाऊंनी 12 फेब्रुवारीला नोटीस पाठवली असं धरू. स्पीड पोस्टानं, पावती जपून. रजिस्टर्ड पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा "रजिस्टर्ड एडी" म्हणून हट्ट धरणाऱ्या काकांनी थोडं सबुरीनं घ्यावं. नोटीस वकिलाच्याच लेटरहेडवर हवी असं कायदा म्हणत नाही, लेखी हवी एवढंच. त्यात चेकचा नंबर, तारीख, बँक, मेमोची तारीख, कारण आणि "नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम द्या" ही मागणी.

रक्कम लिहिताना हात खरंच हलू देऊ नका. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात चेक एक कोटीचा होता आणि नोटिशीत मागणी दोन कोटींची. टायपिंगची चूक, असं सांगितलं गेलं. न्यायालय म्हणालं, नोटिशीतली रक्कम ही चेकचीच रक्कम असली पाहिजे. फौजदारी कलमाला टायपिस्ट माहीत नसतो. तेव्हा भाऊंनी 1,80,000 च मागावेत. व्याज, नोटिशीचा खर्च, मनस्ताप हे सगळं वेगळ्या वाक्यात, वेगळ्या आकड्यात.

नोटीस नागपूरला 16 फेब्रुवारीला पोचली. पंधरावा दिवस 3 मार्च. तोवर पैसे आले तर गोष्ट संपली. गुन्हा झालाच नाही. चेक न वटणं हा गुन्हा नाही, नोटीस मिळून पंधरा दिवसांत पैसे न देणं हा गुन्हा आहे, हे पुष्कळ ठेकेदारांना आणि त्याहून जास्त पीडितांना ठाऊक नसतं. पैसे नाही आले, तर 4 मार्चला तक्रारीचं कारण जन्मतं आणि तिथून एक महिना मिळतो. हिशेबानं 4 एप्रिल. त्याच्या आदल्या दिवशी गुड फ्रायडे, 4 ला शनिवार. मार्चमध्येच उरकावं. उलट बाजूचा उतावळेपणाही नको: पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत दाखल केलेली तक्रार चालत नाही, असं 2014 मध्येच ठरलंय.

ठेकेदारानं नोटीस घ्यायलाच नकार दिला तर? पोस्टमन "घेण्यास नकार" किंवा "घर बंद" लिहून परत आणतो आणि माणूस खचतो. खचू नका. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोचली असंच धरलं जातं. 2007 चा निकाल तर पुढे जाऊन सांगतो, नोटीस मिळालीच नाही म्हणणाऱ्यानं न्यायालयाचं समन्स आल्यावर पंधरा दिवसांत पैसे भरून दाखवावेत. तेही न भरणाऱ्याचं "मिळालीच नाही" हे रडगाणं ऐकून घेतलं जात नाही.

चेक कंपनीचा असेल तर नोटीस कंपनीलाही द्या आणि तक्रारीत कंपनीला आरोपी करा. नुसत्या संचालकावर भडकून चालत नाही.

आता "परसों फिर लगा देना" या वाक्याकडे परत येऊ, कारण त्यात थोडं तथ्यही आहे. चेक वैध असेपर्यंत पुन्हा भरता येतो आणि पुन्हा परत आला तर नवा मेमो, नवे 30 दिवस. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःचाच जुना निकाल बदलून हे मान्य केलं. म्हणजे भाऊंच्या हातून नोटिशीचा 4 मार्च निसटला, तरी 5 जानेवारीचा चेक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जिवंत आहे. तो लगेच पुन्हा भरावा, नवा मेमो घ्यावा आणि या वेळी मेमो खणात टाकू नये. चेक शिळा झाला आणि 30 दिवसही गेले, तर मात्र फौजदारीचं दार बंद. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालय माफ करू शकतं, नोटिशीच्या उशिराला तशी माफी कायद्यात नाही.

"परसों"च्या आणखी एका चालीपासून सावध. ठेकेदार म्हणतो, "अभी तीस हज़ार यूपीआई कर देता हूँ, चेक बाद में लगा लेना." भाऊ खूश. मार्चमध्ये तोच 1,80,000 चा चेक पुन्हा भरतात, तो परत येतो, आणि ठेकेदाराचा वकील न्यायालयात हळूच यूपीआयची नोंद पुढे करतो. देणं उरलं होतं 1,50,000 आणि चेक होता 1,80,000 चा. 2022 च्या निकालानुसार, चेक भरला त्या दिवशी प्रत्यक्ष देणं जितकं होतं त्याहून जास्त रकमेचा चेक 138 मध्ये बसत नाही. मिळालेले पैसे चेकवर नोंदवायला हवे होते. पण चेकवर काही लिहून पुन्हा क्लिअरिंगला टाकला तर "वेगळा मजकूर आहे" म्हणून परत यायची भीती. तेव्हा तीस हजार घेताना त्याच दिवशी उरलेल्या दीड लाखाचा नवा चेक घ्या. नवा चेक द्यायला तो का-कू करत असेल, तर तीस हजारांची उदारता कशासाठी होती ते समजा.

पोलीस ठाण्यात जाऊ नका. इथं निम्मे लोक मेमो घेऊन आधी ठाण्यातच जातात आणि साहेबांचं "कोर्ट जाओ" ऐकून व्यवस्थेला शिव्या देत बाहेर येतात. साहेब या एका बाबतीत बरोबर असतात. 138 ची तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते.

कुठल्या? इथं भिलाईवाल्यांवर कायद्यानं एक मेहेरबानी केली आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नाही. 1 ऑगस्ट 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, चेक ज्या शाखेवरचा आहे तिथंच तक्रार करा. म्हणजे भाऊंनी प्रत्येक तारखेला नागपूर गाठायचं, अडीचशे किलोमीटरांहून जास्त, एक लाख ऐंशी हजारांसाठी. अशा तारखांत चेक देणारा नाही, चेक घेणारा थकतो. पुढच्या वर्षी कायदा बदलला. आता ज्या शाखेत तुमचं खातं आहे आणि जिथं तुम्ही चेक भरला, तिथलं न्यायालय. चेक नागपूरचा, खातं सुपेल्याचं, तक्रार दुर्गला. आता प्रवास ठेकेदारानं करायचा.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2018 पासून न्यायालय खटला चालू असतानाच वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम रक्कम द्यायला लावू शकतं. पण भाबडेपणा नको. 2019 च्या अखेरीस देशभरात अशा 35 लाखांहून जास्त तक्रारी पडून होत्या. निकालाची वाट बघणाऱ्या रांगेत तुम्ही शेवटचे. पैसे बहुतेक वेळा नोटिशीनं किंवा पहिल्या समन्सनंतर तडजोडीत येतात, शिक्षेनंतर क्वचितच. तडजोड कायद्याला मान्य आहे, आणि गोव्याच्या एका प्रकरणात सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उशिरा तडजोड करणाऱ्यासाठी दंडाची पायरी नव्यानं ठरवून दिली: बचावाचा पुरावा सुरू होण्याआधी मिटवलं तर काहीच जास्त नाही, त्यानंतर निकालाआधी मिटवलं तर चेकच्या पाच टक्के, वर जाल तसे आणखी. तडजोड करणाऱ्यानं लवकर करावी यासाठी आता न्यायालयानंच हिशेब मांडून ठेवला आहे. नोटिशीसोबत ठेकेदाराला तो कळवायला हरकत नाही.

फौजदारी हुकली तरी पैसे बुडाले असं नाही. दिवाणी दावा देणं थकल्यापासून तीन वर्षांत करता येतो, आणि भाऊंची उद्यम नोंदणी कामाआधीच झालेली असेल तर लघुउद्योगांच्या थकबाकीसाठी 2006 च्या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. तिथं चक्रवाढ व्याज, तेही बँक दराच्या तिप्पट, हा हक्क आहे. नोंदणी असूनही तो कुणी मागत नाही, हे मला आजवर न उलगडलेलं कोडं.

तेव्हा हा अंक हातात आहे तोवर टेबलाचा खण उघडा. विजेच्या बिलांखाली मेमो सापडला तर आधी त्यावरची तारीख बघा, मग त्यावरचं कारण वाचा, आणि ठेकेदाराला फोन करायच्या आधी नोटीस पोस्टात टाका. फोन नंतर करा. नोटीस पोचल्यावर तोच तुम्हाला करेल.